‘स्थगित’ या शब्दाची गोष्ट

मार्चमध्ये माझे यजमान गेले.

त्यानंतर माझ्याकडे कामे उरली ती कागदांची. त्यातलेच एक घेऊन मी एका बुधवारी सदाशिव पेठेतल्या आमच्या पतसंस्थेत गेले. यजमानांच्या खात्याला नॉमिनी म्हणून माझे नाव होते; मृत्यूचा दाखला द्यायचा होता. तिथे पाहते तो रांग जिन्यापर्यंत आलेली. बहुतेकांच्या हातात ठेवीच्या पावत्या.

“काय झालं?” मी पुढच्या आजोबांना विचारले.

“वाचता येत असेल तर वाचा,” त्यांनी काठीने दार दाखवले.

दारावर सूचना होती: ‘संगणकीय प्रणालीच्या अद्ययावतीकरणास्तव सर्व सभासदांचे आर्थिक व्यवहार शुक्रवारपासून पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात येत आहेत.’

“अहो, कॉम्प्युटर बदलताहेत, एवढंच आहे हे.”

“‘स्थगित’चा अर्थ आम्हाला शिकवू नका. पेपर वाचतो आम्ही. बँका बुडतात तेव्हा हाच शब्द असतो.”

मागच्या बाई म्हणाल्या, “माझी तर मुलीच्या लग्नाची ठेव आहे. मी मोडणारच.”

मी आयुष्यभर एका प्रकाशकाकडे मुद्रिते तपासली. चुकीचा शब्द दिसला की गप्प बसवत नाही. मी म्हणाले, “शब्दाने घोटाळा केलाय. ‘पुढील सूचनेपर्यंत’ने तर जास्तच. कधी उघडणार ते सांगितलंच नाहीये.”

हे काउंटरमागच्या मॅनेजर बाईंनी ऐकले. त्या बाहेर येऊन मला बाजूला घेऊन गेल्या. “काकू, तुम्ही मराठीच्या शिक्षिका का? जरा नीट लिहून द्याल? आज सगळ्यांनी ठेवी मोडल्या तर आमच्याकडे तेवढी रोकड नाही. मग खरंच स्थगित होईल हो.”

“ही कुणी लिहिली?”

“मीच. दोन जुन्या परिपत्रकांतून उचलली. ‘अद्ययावतीकरणास्तव’ टाइप करताना तीनदा चुकले.”

मी एका कोऱ्या कागदावर लिहिले: ‘कॉम्प्युटर बदलण्यासाठी संस्था शुक्रवारी आणि शनिवारी बंद राहील.’ सोपे, स्वच्छ. स्वतःवर खूश होऊन मी ते रांगेला मोठ्याने वाचून दाखवले.

“बंद!” आजोबांनी काठी आपटली. “घ्या! आता तर कबूलच केलं.”

रांगेत एकदम कालवा झाला. पतसंस्था ‘बंद’ झाली म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला सांगावे लागत नाही. मी कागद उलटा केला आणि मॅनेजर बाईंना विचारले, “लोकांना नेमकं काय करता येणार नाही?”

“पैसे भरता नि काढता येणार नाहीत. दोनच दिवस. रविवारी सुट्टी असतेच.”

“मग तेच लिहू. आणि त्या दोन दिवसांत कुणाच्या ठेवीची मुदत संपली तर?”

“सोमवारी पैसे देऊ. मधल्या दिवसांचं व्याज धरून.”

“हे तुमच्या सूचनेत कुठे होतं?”

त्या ओशाळून हसल्या. मग मी लिहिले:

‘आम्ही कॉम्प्युटर बदलत आहोत. म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी पैसे भरता किंवा काढता येणार नाहीत. सोमवारी सकाळी दहा वाजता नेहमीप्रमाणे काम सुरू होईल. तुमच्या ठेवी आहेत तशाच राहतील. या दिवसांत मुदत संपणाऱ्या ठेवीचे पैसे सोमवारी मिळतील. मधल्या दिवसांचे व्याजही मिळेल. पैशांची गरज असेल तर उद्यापर्यंत काढून ठेवा. काही विचारायचे असेल तर आत या.’

मॅनेजर बाईंनी ते संस्थेच्या अध्यक्षांना फोनवर वाचून दाखवले. स्पीकरवरचा आवाज सगळ्यांनी ऐकला. “हे ठीक आहे, पण यात मराठी कुठे आहे?”

रांग हसली. आजोबांनी आत डोकावून सांगितले, “साहेब, हीच मराठी. मघाशी होती ती तुमची.”

“आणि ‘आम्ही’ कशाला? ‘संस्था’ लिहा.”

“राहू दे ना, साहेब,” मॅनेजर बाई म्हणाल्या. “खिडकीत मी बसते. लोक मलाच विचारणार.”

जुना कागद निघाला, नवा लागला. आजोबांनी तो चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला. “सोमवारी दहाला?”

“दहाला.”

“साडेदहाला आलो नि दार लागलेलं असलं तर बोंब मारीन.” त्यांनी पावती खिशात घातली. लग्नाच्या ठेवीवाल्या बाई जरा थांबल्या. त्यांनी व्याजाची ओळ पुन्हा वाचली आणि जिना उतरल्या. काहींनी तरीही पैसे काढले. पण रोकड पुरली. रांग ओसरल्यावर माझे काम झाले.

सोमवारी दार दहाला उघडले. ती सूचना आता काढली आहे. तिथे वार्षिक सभेची सूचना लागली आहे आणि तीही मीच लिहिली आहे. घरी मी एकटी असते; असा एखादा कागद आला की दिवस बरा जातो.