गट अठ्ठावीस

निवृत्तीनंतर मी सोनईजवळच्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा चुलतभाऊ शेती करत होता आणि मी वाचन. ही वाटणी दोघांनाही मान्य होती. त्या हिवाळ्यात त्याने दीड एकर फ्लॉवर लावला. गड्डे सुपारीएवढे झाले आणि पानांची चाळण व्हायला लागली. अळी बारीक, हिरवी; हात लावला की धाग्याला लोंबकळत खाली उतरायची. तीन फवारण्या झाल्या तरी ती हटेना. चौथीही वाया गेली तर उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवून ते मातीत गाडायचं, असं भावाने जाहीर केलं होतं.

अळीला औषधाची सवय लागू नये म्हणून औषध बदलावं लागतं, हे त्याला माहीत होतं. तो बदलतही होता. दर वेळी वेगळी कंपनी, वेगळ्या रंगाची बाटली, आधीपेक्षा चढी किंमत. रिकाम्या बाटल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे पोत्यात पडल्या होत्या. छापलेलं दिसलं की मी वाचतो, ही जुनी खोड. हातमोजे घालून मी त्या बाटल्या वाचल्या. एकीवर वाघ, दुसरीवर वीज, तिसरीवर उगवता सूर्य. विशेषणं तर सत्कार समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेला शोभावीत अशी. आणि खाली, वाघाच्या शेपटाजवळ, बारीक अक्षरांत : गट २८. विजेखाली तेच. सूर्याखाली २८ आणि ३ए, कारण त्या बाटलीत दोन औषधं एकत्र होती.

हा आकडा औषध किडीच्या शरीरात कुठे घाव घालतं ते सांगतो. अठ्ठावीसची औषधं स्नायूंवर काम करतात; अळी लुळी पडते आणि खाणं थांबवते. तो घाव पचवणाऱ्या थोड्या अळ्या उरतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते. पुढच्या पिढीवर पुन्हा तोच घाव घातला, तर कंपनी कोणतीही असो, आपण फक्त पचवणाऱ्यांची निवड करत असतो. ३ए हा गट तर या किडीने फार पूर्वीच पचवलेला आहे.

भावाने तिन्ही बाटल्या उन्हात धरून पाहिल्या.

"म्हंजे मी तीनदा तेच मारलं?"

"तेच. फक्त वाघ गेला आणि सूर्य आला."

"अण्णा, हसू नका. लई महागाचा सूर्य हुता."

दुकानात गेलो तर दारावर फ्लेक्स. त्यावर आमचा बांधशेजारी, डोक्याला फेटा, हातात चौथी बाटली, आणि 'फ्लॉवरचा बादशहा' अशी पदवी. कंपनीच्या मेळाव्यात त्याचा सत्कार झाला होता. दुकानदाराने तीच बाटली पुढे ठेवली आणि तंत्रज्ञानावर बोलायला लागला. भावाने ती फिरवून आकडा शोधला. अठ्ठावीस.

"हे नगं. दुसऱ्या नंबरचं दावा."

बादशहाचं औषध नको म्हणणारं गिऱ्हाईक बहुधा पहिलंच असावं. थोड्या शोधाशोधीनंतर मागच्या फळीवरून गट ५ची बाटली निघाली. तिच्यातलं औषध मज्जातंतूंवर काम करतं. लेबलवर फ्लॉवरचं आणि या अळीचं नाव होतं. मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं होतं. चित्र मात्र नव्हतं, म्हणूनच ती मागच्या फळीवर असावी.

फवारणीनंतर नव्या पानांवर अळ्या जवळजवळ दिसेनात. पण बांधाकडच्या ओळींत या अळीचे पतंग अंडी घालायला येतच होते, बादशहाच्या रानातून. पतंगाला सातबारा कळत नाही. शेजाऱ्याने गट बदलला नाही, तर त्याच्याकडच्या पचवणाऱ्या अळ्यांची पिल्लावळ आमच्याकडे येत राहणार होती, आणि पुढे अठ्ठावीस दोघांच्याही कामाचं राहणार नव्हतं. भाऊ बांधावर गेला. मीही गेलो, कारण असे तह पाहायला मला आवडतं.

शेजाऱ्याचा फ्लॉवर आमच्यापेक्षा वाईट होता. भावाने बाटल्यांचं सगळं सांगितलं. शेजारी मान खाली घालून ऐकत राहिला.

"खरं हाय तुमचं. पन फोटू लावलाय माझा दुकानाला. मीच दुसरं मागाया गेलो तर लोक काय म्हनतील?"

"फोटूला अळी लागत न्हाई," भाऊ म्हणाला. "रानाला लागती."

आम्ही परत आलो.

दोन दिवसांनी तो मोटारसायकलवर श्रीरामपूरला गेला. तिथे त्याला कोणी बादशहा म्हणून ओळखत नव्हतं. परतताना आमच्याकडे थांबला आणि पिशवीतली बाटली न काढता तिचा आकडा भावाला दाखवला. पाच होता. त्यानंतरच्या पिढीवर दोघांनी ठरवून आणखी वेगळ्या गटाचं औषध वापरलं आणि अठ्ठावीसला त्या हंगामात हात लावला नाही. बांधाकडच्या चार ओळी आमच्या गेल्या. बाकी फ्लॉवर विकला गेला, रोटाव्हेटर फिरला नाही. शेजाऱ्याचा निम्मा वाचला.

उन्हाळ्यात कंपनीने शेजाऱ्याच्या त्या फ्लॉवरची यशोगाथा छापली, श्रेय अर्थात चौथ्या बाटलीला. त्याने ती आम्हाला आणून दिली आणि चहा घेता घेता पुढच्या हंगामाला कोणता गट घ्यायचा, ते भावाला विचारलं.