चार म्हणजे चार

"मास्तर, माझ्या पोरीचा फोटू काढल्याबगर मी इथून हालत नाही!"

सौंसरच्या शाळेच्या फाटकात उभी राहून ती बाई ओरडत होती. आवाज असा, की पांढुर्ण्याच्या बाजारातली बैलं कान टवकारून उभी राहिली असतील आणि जाम नदीनं क्षणभर आपलं पाणी थांबवून ऐकलं असेल. मांडवातले पाहुणे तर खुर्चीतून अर्धे उठलेच होते. मी फाटकावर होतो. नव्यानं लागलेला मास्तर, छातीला गुलाबी फीत, हातात निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. त्या फितीचा मला असा काही माज होता, की जणू नव्या राज्याचा कारभार माझ्याकडेच सोपवलाय.

राज्य खरोखरच नवं होतं. दिवाळीच्या आगेमागे राज्यांची नवी रेघ ओढली गेली. नागपूर तिकडच्या राज्यात गेलं, आम्ही इकडच्या राज्यात राहिलो. रुळांवरची छोटी गाडी मात्र नागपूरहूनच यायची, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. आमच्या हेडमास्तरांनी तिकडची नोकरी मागून घेतली होती. स्नेहसंमेलन झालं की ते जाणार. म्हणून हे संमेलन त्यांना असं करायचं होतं, की मागून कोणी बोट दाखवू नये.

निमंत्रणाचा मजकूर त्यांनी स्वतः घडवला, मी फक्त छापखान्यात पोचवला. एक प्रत फाटकाशेजारी भिंतीला डकवली, बाकीच्या पोरांच्या हाती घरोघर. त्यात लिहिलं होतं: फोटो दुपारी ठीक चार वाजता, शाळेच्या पटांगणात, ज्या पालकांना पाल्यासह फोटो हवा त्यांनी त्याच वेळी हजर राहावे. कार्यक्रम ठीक पाच वाजता. महिलांनी डावीकडच्या सतरंज्यांवर बसावे, पुरुषांनी उजवीकडे. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी. कार्यक्रम चालू असताना कोणीही फोटो काढू अगर काढवू नये, आणि उजेडाची पूड मांडवात पेटवू नये.

तो पुडीचा नियम उगाच नव्हता. फोटोवाला ती पूड पेटवायचा तेव्हा भपकन असा जाळ उठायचा, की वरच्या कापडाला ठिणगी लागली असती तर अख्खं संमेलन स्वर्गातच भरलं असतं. म्हणून सगळे फोटो उन्हात, चार वाजता.

आता चार वाजताची गोष्ट. आमच्या मुलखात निमंत्रणातल्या वेळेवर जाणारा एकतर आचारी असतो, नाहीतर वेडा. हेडमास्तरांना हे ठाऊक होतं, म्हणून दरवर्षी ते मुद्दाम लवकरची वेळ छापायचे. लोकांना हेही ठाऊक होतं, म्हणून ते त्याहून उशिरा यायचे. असा दोन्हीकडून हिशेब बरोबर बसायचा आणि कार्यक्रम दिवे लागल्यावर सुखानं सुरू व्हायचा. यंदा मात्र फोटोसाठी ऊन हवं होतं, म्हणून त्यांनी खरी वेळ छापली. चार म्हणजे चार.

गावातली माणसं पोरांनी ओढून आणली. ही बाई बोरगावकडची, संत्र्याच्या बागेतली. पोरगी इथं मामाकडं राहून शिकायची. पत्रिका शेजाऱ्यानं वाचून दाखवली आणि वर समजावलं, "चार लिवलं हाय, म्हंजे सहा समज." बैलगाडी त्या बेतानं निघाली. पोरगी आईची वाट पाहत फाटकाशीच उभी राहिली, वर्गाच्या फोटोतही गेली नाही. मी दोनदा हाक मारली, तर म्हणाली, "माय येऊन राहिली, गुरुजी."

माय आली तेव्हा ऊन गेलं होतं आणि स्टेजवर पाहुण्यांच्या उशिरामुळं लांबलेलं ईशस्तवन सुरू होतं.

हेडमास्तर बाहेर आले. शांतपणे म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही आत बसा. डावीकडं जागा आहे."

"बसत नाही. पह्यले फोटू."

"उजेड नाही. कार्यक्रम चालू आहे. पत्रिकेत स्पष्ट लिहिलंय."

तेव्हा बाईचा आवाज खाली आला. जो आवाज नदी थांबवत होता, तो इतका खाली आला, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"माझी थोरली गेली, गुरुजी. तापानं. तिचा फोटू नाही काढला कंधी. आता डोये मिटले तं तिचं लुगडं दिसते, हातातल्या बांगड्या दिसते, अन् तोंड दिसत नाही." पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हिचं तोंड मले ठेवाचं हाय."

हेडमास्तरांनी मांडवाकडं वळून पाहिलं. मला वाटलं, आता वाद संपला.

मग ती म्हणाली, "अन् तुमी दरसाल खोटा टाइम लिवता. आमी तुमचा खोटा टाइम पाठ केला. यंदाच खरा काहून लिवला, बाप्पा?"

मी आयुष्यात पुष्कळ वकील ऐकले. काही तर असे, की मेलेल्याला साक्षीला उभं करतील. पण हेडमास्तरांना गप्प करणारं वाक्य मी तेवढंच ऐकलं.

त्यांनी खिशातून पत्रिका काढली, पाहिली, पुन्हा घडी घातली. मग मला म्हणाले, "ईशस्तवन झालं की पडदा पाडा. कार्यक्रम थांबवा. चालू नसताना फोटो काढायला नियमाची हरकत नाही. आणि गॅसबत्त्या सगळ्या बाहेर आणा."

"सगळ्या? मांडवात अंधार होईल, सर."

"होऊ द्या."

पाहुण्यांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. पोरांनी एकेक बत्ती उचलून पटांगणात आणली. मांडव काळोखात बुडाला. डावीकडं बाया, उजवीकडं पुरुष, पुढं खुर्चीत पाहुणे. आमच्या गावात अंधार झाला की शिट्टी वाजल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी एकही वाजली नाही. बाईचं बोलणं एव्हाना कानोकान मांडवभर पोचलं होतं.

फोटोवाल्यानं तीन पायांवर पेटी उभी केली, काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं, बत्त्या जवळ सरकवल्या. म्हणाला, "पुडीविना काढायचा तर काच बराच वेळ उघडी ठेवावी लागेल. हलायचं नाही. जामसांवलीच्या मारुतीसारखं, हू की चू नाही." मग त्यानं भिंगावरचं झाकण काढलं.

बत्त्यांचा सूं सूं आवाज तेवढा. आई खुर्चीवर, पोरगी शेजारी उभी, आईच्या खांद्यावर हात. ती पोरगी, जी वर्गात एका ओळीपुरती स्थिर बसत नसे, दगडासारखी उभी होती. अंधारातल्या माणसांनीही श्वास धरला होता. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं वाढवतो, हे नाही. हेडमास्तर बत्तीच्या उजेडाबाहेर उभे होते, हात मागं बांधून.

झाकण लागलं. बत्त्या आत गेल्या. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, आणि बाई डावीकडं सगळ्यात मागं जाऊन बसली.

हेडमास्तर नव्या नोकरीवर गेले. फोटो नंतर नागपूरहून आले, पलीकडच्या राज्यातून, त्याच छोट्या गाडीनं. मायलेकींचा तेवढा मी आधी पाकिटातून काढून पाहिला. पोरगी लख्ख आली होती; डोळ्यांतली बत्तीसुद्धा दिसत होती. तिच्या शेजारी, जिथं आईचा चेहरा असायला हवा होता, तिथं नुसती पुसलेली पांढुरकी वाफ होती. बाई हलली होती.

बोरगावला सायकलनं जाताना वाटभर मी शब्द जुळवत होतो. बाई बागेत होती. हात पुसून तिनं फोटो घेतला आणि खूप वेळ पाहत राहिली.

मी म्हणालो, "तुमचा चेहरा नाही आला, बाई. तुम्ही हललात."

"मी पोरीकडं पाहून राहिली होती," ती म्हणाली.