साक्षीला कोण बसणार

दसऱ्यानंतरचा मंगळवार, सकाळ. सोनपेठ तालुक्यातलं एक गाव, अंगणवाडीची खोली. हजर: आमच्या आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रमुख डॉक्टरबाई, गावच्या आशाताई, ऊसतोडीला जाणाऱ्या सात-आठ बाया आणि मी. न बोलावता हजर: त्यांची टोळी भरणारा मुकादम.

सर्वेक्षण बायकांच्या अंगात रक्त किती आहे याचं. त्या दिवशी कुणाच्या बोटाला सुई लावायची नव्हती. मी लिहिलेलं माहितीपत्र आणि संमतीपत्र वाचून दाखवायचं, कळलं का ते त्यांच्याच शब्दांत ऐकायचं आणि अडलेली वाक्यं बदलायची, एवढंच काम. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे मी आधीच काढून टाकलं होतं. त्या जागी लिहिलं होतं: ‘नाही म्हणालात तरी चालेल. त्यामुळे दवाखान्यात कुणी अडवणार नाही.’

मुकादमाने खुर्च्या आणल्या, चहा सांगितला. इतकी सेवा मला खटकली.

“म्याडम, ह्यांना वाचता येत न्हाई,” तो म्हणाला. “साक्षीला मी हाय की. एकदाच बसतो, समद्यांच्या अंगठ्याशेजारी सह्या ठोकतो.”

कागदावर माझंच वाक्य होतं: ‘वाचता येत नसेल तर साक्षीदार लागेल. त्याला वाचता यावं आणि तो सर्वेक्षण करणाऱ्यांपैकी नसावा.’ दोन्ही अटींत तो बसत होता. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. बाया मात्र जमिनीकडे बघत राहिल्या.

मी वाचलं, मग विचारलं, “काय कळलं, सांगा.”

कडेला बसलेली एक जण म्हणाली, “बोटातून रगत घ्यायलेत. कुनाला सांगनार न्हाईत.” तिने मुकादमाकडे पाहिलं. “समदं बरं हाय.”

बाकीच्यांनीही तेच म्हटलं. एकही प्रश्न नाही. इतक्या वर्षांत बिनप्रश्नांची बैठक मी पाहिली नव्हती.

आशाताईंच्या ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, “दादा, आता बायांच्या पाळीचं इचारायलेत. बसता का?”

“न्हाई न्हाई, बोला तुमी,” म्हणत तो चपला शोधायला लागला.

दार लागलं आणि कडेला बसलेली ती बाई माझ्याकडे वळली. “गुपित म्हनता आन् त्यालाच शेजारी बसवता? माझं रगत कमी निघालं तर माझा कोयता टोळीत घेईल का तो?”

नवरा-बायकोच्या जोडीला टोळीत एक कोयता म्हणतात. बाई अशक्त आहे असं कळलं, तर दोघांचंही काम जातं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “अहो, साक्षीदाराला रिपोर्ट दाखवत नाहीत. कागद नीट वाचून दाखवला का आणि तुम्ही राजीखुशीने अंगठा दिला का, तेवढंच तो बघतो.”

“रिपोर्ट कशाला पायजे त्याला? रगत कमी असलं की दवाखान्याची चिठ्ठी देता, ती घेऊन कोन चाललंय ते त्याला दारातूनच दिसतंय.”

“आन् आमचं रगत नेऊन कुठं इकता?” दुसरीने विचारलं. खोली हसली, पण उत्तराची वाट सगळ्याच बघत होत्या.

“एकच थेंब घेतात,” मी म्हणाले. “आकडा यंत्रावर तुमच्यासमोर दिसतो. थेंब लावलेली पट्टी लगेच कचऱ्याच्या डब्यात जाते.” हे कागदावर नव्हतं. मी समासात लिहून घेतलं.

साक्षीचं वाक्य तिथेच बदललं: ‘साक्षीदार तुम्ही निवडा. तुम्हाला काम देणारा किंवा कामावरून काढू शकणारा माणूस साक्षीदार नको.’

“माझी पुतनी धाव्वीला हाय, चालंल का?”

“अठरा पूर्ण लागतात.”

“मग अंगनवाडीच्या बाई बऱ्या. त्या कुनाची टोळी भरत न्हाईत.”

कोयत्याचं विचारणारी उठून जवळ आली. “बदललं ना? मंग आजच घ्या माझं. शनवारी टोळीला न्यायला ट्रक यायलाय.”

आज घेता येणार नव्हतं. बदललेला मजकूर आधी अशा सर्वेक्षणांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडे जातो. तिथून मंजुरी आल्याशिवाय तो वापरता येत नाही, आणि जुन्या मजकुरावर तिला अंगठा द्यायला सांगायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरबाईंनी सांगितलं, सर्वेक्षण बाजूला ठेवा, उपकेंद्रात नेहमीची तपासणी करून घ्या, त्याला आमचा कागद लागत नाही.

“उपकेंद्र त्याच्या घरासमोर हाय,” ती म्हणाली आणि पदर खोचून निघाली. बाहेर मुकादम आशाताईंना विचारत होता, “काय म्हनली ती?”

“पाळीचं सांगायली. सांगू का तुमाला?” आशाताई म्हणाल्या.

मजकूर त्याच संध्याकाळी समितीला पाठवला. शनिवारी टोळीला घेऊन ट्रक गेला. मंजुरी त्यानंतर आली. गावात राहिलेल्या बायांचं काम अंगणवाडीच्या बाईंना साक्षीला बसवून पुरं केलं. कोयत्याचं विचारणाऱ्या त्या बाईची टोळी कुठल्या कारखान्यावर उतरली, ते मात्र मुकादमाला न विचारता शोधायचं अजून बाकी आहे.