चार तासांनी बंद होणारा टीव्ही

अकोल्याच्या जठारपेठेत किसनरावांनी छत्तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढली. बायको, पार्वताबाई, गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून सकाळी नऊला ते टीव्ही लावत, तो रात्री झोपेपर्यंत चालू असे. बघत थोडंच, घरात माणसांचा आवाज हवा एवढंच. जुना टीव्ही बिघडला, नवा आला, आणि हा पठ्ठ्या रोज एकच्या सुमारास आपोआप बंद पडू लागला. ताटावर बसलेल्या किसनरावांना मग स्वतःचं चावणं ऐकू यायचं. घास उतरायचा नाही.

त्यांनी अमरावतीला मुलीला, अपेक्षाला, फोन लावला.

"बाबा, बिघाड नाही तो. चार तास रिमोटले हात लावला नाही तर बंदच होते. माह्या टीव्हीत त्याले 'आयडल टीव्ही स्टँडबाय' म्हणतात. तेवढं ऑफ करा."

तिचा टीव्ही दुसऱ्या कंपनीचा. किसनराव तीन दिवस सेटिंगमध्ये ते नाव धुंडाळत राहिले. पिक्चर पाहिलं, साउंड पाहिलं, नाव काही दिसेना. रोज संध्याकाळी सहाला फोन.

"सापडून नाही राहिलं वं."

"आज कुठलोक गेले होते तुमी, साउंडपर्यंत का?" ती विचारायची, आणि मग जेवणाखाणाचंही विचारायची.

चौथ्या दिवशी बीपीची गोळी काढताना त्यांचं लक्ष पाकिटाकडे गेलं आणि स्वतःचाच राग आला. जन्मभर गिऱ्हाइकांना काय सांगितलं? कंपनी बदलली की नाव बदलतं, नाव सोडा, आत औषध कोणतं ते वाचा. आणि आपण तीन दिवस नावामागे.

मग त्यांनी कागदावर लिहिलं: हे करतं काय? हात लावला नाही तर टीव्ही बंद करतं. कशासाठी? वीज वाचवायला. म्हणजे पिक्चर-साउंडमध्ये असायचं कारणच नाही. जनरलमध्ये गेले, तिथे वीज बचतीचा भाग उघडला. एकेक ओळ वाचत आले. 'ऑटो पॉवर ऑफ', समोर '४ तास'. नाव वेगळं, काम तेच. आधीचा आकडा कागदावर टिपला आणि 'ऑफ' केलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजला, दोन वाजले, टीव्ही बोलतच होता. किसनराव पोटभर जेवले. सहाला ऐटीत फोन केला.

"सापडलं."

"वा बाबा. मंग आता काई अडचण नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. ठेवू मंग? स्वयंपाक पडला हाये."

पुढच्या दिवशी सहा वाजता त्यांनी फोन हातात घेतला. टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. विचारण्यासारखं काही आठवेना. मग त्यांनी परवाचा कागद घेतला, सेटिंग उघडलं, आणि पुन्हा चार तास करून ठेवलं.