शहिदांना ऱ्हस्व, वीरांना दीर्घ

सांगलीतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक म्हणून लागले, तेव्हा माझं वय बावीस होतं. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे पुरुष, यंत्र चालवणारे पुरुष, आणि खिडकीपाशी लाल शाईची दौत घेऊन बसलेली मी एकटी बाई. मालक भले होते, पण मी प्रूफ तपासून दिलं की ते एकदा स्वतः वाचत. मला ते लागायचं, पण कधी बोलले नाही.

एके दिवशी सकाळी आटपाडीकडचे एक निवृत्त हवालदार निमंत्रणपत्रिका छापायला आले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, पायांत जाड बूट. त्या वेळी एकाहत्तरची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या गावचे तीन जवान तिच्यात गेले होते आणि त्यांच्या आठवणीसाठी गावाने स्तंभ उभारला होता. पत्रिकेवर स्तंभावरचाच मजकूर हवा होता, म्हणून त्यांनी कागदाऐवजी फोटो आणला होता. काळ्या दगडावर पेंटरने पांढऱ्या रंगात अक्षरं काढली होती. पाथरवट सोमवारी छिन्नी लावणार होता. आम्ही भेटलो तो गुरुवार.

मालकांनी फोटो माझ्याकडे सरकवला. मजकूर असा होता:

‘आमच्या गांवच्या तिन जवांनांनी देशासाठी प्राण दिले. या वीरांना, शहीदांना आमची आदरांजलि. त्यांची आठवण आम्ही आणी आमची मुले जपू. हा स्मृतीस्तंभ ग्रामस्थानी श्रमदानाने उभारला.’

मी वाचला आणि हात थांबला. पत्रिकेत मी गुपचूप दुरुस्त करून दिलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. पण दगडावर चुकीचं आणि पत्रिकेवर बरोबर, असं झालं असतं. पत्रिका महिन्याभरात रद्दीत जाते. दगड राहतो. मी मालकांना सांगितलं. ते हळूच म्हणाले की त्यांनी पत्रिका मागितली आहे, दगडाचं त्यांचं ते बघतील. तरी मी हवालदारकाकांना बोलावलं आणि मजकुरात आठ चुका आहेत, असं स्पष्ट सांगितलं.

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले.

“आमच्या गुरुजींनी लिवलंय ते. सगळं गाव त्यांच्या हाताखाली शिकलंय, मी बी. नुसतं चुकलंय म्हणून जाऊन सांगितलं तर माझं कोण ऐकनार? का चुकलं ते लिहून दे, पोरी. एकेक.”

मग मी कोरा कागद घेतला आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे तिचा नियम लिहीत गेले, त्यांना समजावत गेले. ‘गांव’वरचा अनुस्वार आपण उच्चारत नाही, असे न उच्चारलेले अनुस्वार नव्या नियमांनी काढून टाकले, म्हणून ‘गावच्या’. ‘जवांनांनी’मधला ‘वा’वरचा अनुस्वारही तसाच, शब्द ‘जवान’ आहे. ‘तिन’ चूक, कारण शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असलं की त्याच्या आधीची वेलांटी मराठीत दीर्घ असते: तीन, खीर, बहीण. ‘आदरांजलि’ संस्कृतात ऱ्हस्व, पण मराठीत शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी दीर्घ लिहायची, म्हणून ‘आदरांजली’. ‘आणि’ मात्र या नियमाला अपवाद, तो ऱ्हस्वच. ‘स्मृती’ एकटा असला तर शेवटी दीर्घ. पण ‘स्मृतिस्तंभ’ या जोडशब्दात तो पहिला आहे, शेवटी नाही, म्हणून तिथे मूळची ऱ्हस्व वेलांटी राहते. ‘ग्रामस्थानी’वर अनुस्वार हवा, कारण ग्रामस्थ अनेक आहेत, तो नसला तर स्तंभ गावच्या जागी उभारला, असा अर्थ होतो.

राहिला ‘शहीदांना’. शब्दाला प्रत्यय लागला की शेवटच्या अक्षराआधीची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते. गरीब, पण गरिबांना. जमीन, पण जमिनीला. तसं शहीद, पण शहिदांना.

काकांनी फोटोवर बोट ठेवलं. “त्याच्या शेजारीच वीरांना हाय. ते का न्हाई बदललं?”

“वीर हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, काका. असे शब्द प्रत्यय लागला तरी आपली वेलांटी सोडत नाहीत.”

त्यांनी फोटो जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, “त्या तिघांत धाकला, तो माझा पोरगा हाय.”

मी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि एसटी गाठायला निघून गेले.

शनिवारी ते पुन्हा आले. बरोबर सत्तरीचे, धोतर-टोपीतले गुरुजी. मालक गल्ल्यावरून उठून जवळ येऊन उभे राहिले. गुरुजींनी माझा कागद उघडला, शेजारी स्वतःचा मूळ कागद ठेवला आणि मला उभं केलं नाही, बसायला सांगितलं.

त्यांच्या कागदावर तीन, आणि, स्मृतिस्तंभ, ग्रामस्थांनी, हे चारही शब्द बरोबर होते. ते पेंटरच्या कुंचल्याने बिघडवले होते. ‘आदरांजलि’ आणि ‘गांव’ त्यांनी जुन्या नियमांप्रमाणे लिहिले होते. ते शिकले, शिकवत होते, तेव्हा तेच शुद्ध होतं. मी म्हणाले की या दोन चुका नाहीतच, कागदावर मी तसं लिहायला हवं होतं.

“बाकीचे अनुस्वार सोडले मी,” ते म्हणाले. “गांवावरचा तेवढा सुटत नाही. पण पोरं नवीन वाचणार. काढा तो.”

‘शहीदांना’पाशी ते थांबले. “ही मात्र माझी चूक. चाळीस वर्षं हाच नियम शिकवला मी.” ते स्वतःशीच थोडे हसले. मग त्यांनी ‘जवांनांनी’वर बोट ठेवलं. हे काय, म्हणाले. दगडावर असा ठिपका नाहीच, आपण सकाळीच पाहून आलो. मी भिंग मागवलं. त्याखाली कळलं, तो रंगाचा ठिपका नव्हताच, फोटोच्या निगेटिव्हवर धुळीचा कण बसला होता. तो छापताना पांढरा उमटला आणि पांढऱ्या अक्षरांत अनुस्वार होऊन बसला. मी कागदावरची ती ओळ खोडली आणि त्या दिवसापासून फोटोतला प्रत्येक ठिपका भिंगाखाली बघितल्याशिवाय हात लावला नाही.

“म्हणजे सात,” गुरुजी म्हणाले. “सातही बरोबर. नियम मलाही असे मांडता आले नसते.” आणि मालकांकडे वळून विचारलं, “ही शिकली कुठे?”

मालक म्हणाले, “आमच्याकडेच असते.” त्यांच्या आवाजात त्या दिवशी जे होतं, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर माझं प्रूफ त्यांनी पुन्हा वाचलं नाही.

पेंटरने रॉकेलच्या बोळ्याने सात जागा पुसल्या, अक्षरं पुन्हा काढली, आणि सोमवारी छिन्नी लागली. अनावरणाला मी वडिलांबरोबर एसटीने गेले. मैदानात सगळं गाव होतं, तिघांच्या आया पुढच्या रांगेत. हवालदारकाकांनी मला त्या आयांच्या शेजारी बसवलं. पडदा सरकला तेव्हा गुरुजी मजकूर मोठ्याने वाचू लागले, आणि मी मनात प्रत्येक वेलांटीवरून डोळे फिरवत गेले.

कार्यक्रमानंतर काकांच्या मंडळी, म्हणजे त्या धाकट्याच्या आई, दगडापाशी गेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. काकांनी त्यांचं बोट धरून ‘वीरांना’वर टेकवलं आणि त्या वेलांटीच्या खाचेतून सावकाश वरून खाली फिरवलं.