दोन केबली, एकच स्विच

दुष्काळाची वर्षं होती. शहर बीड बायपासच्या पुढं पसरत होतं आणि आमच्या हॉस्पिटलची नवी इमारतही तिकडंच उभी राहिली होती. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाला असताना मी तिथल्या सर्व्हर रूममध्ये शिकायला जायचे.

पेशंटची सगळी नोंद स्टोरेजच्या डिस्कवर असायची. सर्व्हर नेटवर्कमधून त्या डिस्कपर्यंत पोचायचा. त्यासाठी दोन वाटा होत्या. एक तुटली तर काम दुसरीवरून चालावं, यासाठी केबली दोन आणि त्या जोडणारे नेटवर्कचे डबे, म्हणजे स्विचही दोन.

त्या दिवशी वरचा स्विच बदलायचा होता. "ओपीडी चालू असली तरी नोंदणी थांबणार नाही," असा शब्द मला तिथं काम शिकवणाऱ्या सरांनी हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर मॅडमना दिला होता. आधी खात्री करायला सरांनी मला सर्व्हरची एक केबल काढायला सांगितली. स्क्रीनवर एक वाट बंद दिसली. नोंदणी जरा अडली आणि पुन्हा चालू झाली.

"बघितलं? लई पक्कं काम हाय आपलं," सर म्हणाले. "लाव परत. आता स्विच बंद करू."

केबल लावताना मी दुसरीवरून हात फिरवत गेले. तीही वरच्याच स्विचमध्ये होती. स्टोरेजच्या दोन्हीही तिथंच. खालच्या स्विचचे दिवे चालू होते, पण त्यात एकही केबल नव्हती.

सरांना उलटं बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. तरी म्हटलं, "सर, जरा बघता का? सगळ्या वरच हायेत. हा बंद केला तर दोन्ही वाटा जातील."

सर वाकले. एकेक केबल टोकापर्यंत चाचपून बघितली. मग म्हणाले, "जुन्या बिल्डिंगीतून रॅक आणला तेव्हा मीच लावल्या. केबली आखूड होत्या, वरचा जवळ होता. स्क्रीनवर दोन वाटा दिसतात म्हणून नंतर कोण बघतंय?"

आम्ही लांब केबली आणल्या. दुसऱ्या वाटेची दोन्ही टोकं, सर्व्हरचं आणि स्टोरेजचं, खालच्या स्विचला नेली. तेवढा वेळ सगळा भार पहिल्या वाटेवर होता. दुसरी स्क्रीनवर पुन्हा जिवंत दिसेपर्यंत थांबलो.

"बंद कर आता," सर म्हणाले.

"मी?"

"मग कोण, मॅडमला बोलवू का?"

मी वरच्या स्विचची विजेची वायर ओढली. पहिली वाट गेली. नोंदणीच्या काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर, अडकलंय हो."

"थांबा जरा, ताई."

फोनमधून रांगेतला गलका तेवढा ऐकू येत होता.

"हां, झालं चालू," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला नाव विचारू लागल्या.

सरांनी फोन ठेवला आणि जुना स्विच काढायला स्क्रूड्रायव्हर मागितला.