सावकारांच्या उत्पन्नाचा दाखला

आमच्या गावात माझ्या वडिलांना सावकार म्हणतात. व्याजबट्ट्याशी त्याचा काही संबंध नाही. लिंगायत घर, आजोबांपासून किराणा-भुसाराचं दुकान, म्हणून सावकार. पोरंसोरंसुद्धा 'सावकार, लिमलेटच्या गोळ्या द्या' म्हणायची. अणदूरपासून आमचं गाव जवळच. हायवे मोठा झाला, जीपगाड्या वाढल्या आणि लोक मिरचीसुद्धा नळदुर्गहून आणायला लागले. दुकानाचं शटर आधी दुपारचं बंद राहू लागलं, मग सकाळचंही. सावकार ही पदवी मात्र बंद पडली नाही.

मी धाराशिवला खोली घेऊन बी. एस्सी.ला होते तेव्हा अप्पा रोज सकाळच्या एस.टी.नं सोलापूरला जात. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काखेत रेक्झिनची बॅग. गावाला वाटायचं, खरेदीला निघाले. खरं म्हणजे ते एका कापडदुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या दाखवायचे. पगारावर. हे घरात फक्त अव्वाला, म्हणजे आईला, आणि मला माहीत होतं, आणि आम्ही दोघी ते एकमेकींशीसुद्धा बोलत नव्हतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमचं चाललेलं.

माझा वर्ग विनाअनुदानित, म्हणजे सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या फीवर. पहिला हप्ता अप्पांनी कसाबसा भरला. दुसऱ्याच्या वेळी नोटीस बोर्डावर कागद लागला. कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून अर्धी फी माफ होणार होती. मागच्या वर्षाची गुणपत्रिका, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा, आणि पालकांना घेऊन समितीपुढं यायचं. मार्कांची मला धास्ती नव्हती, वर्गात मी दुसरी होते. फी राहिली तर मात्र परीक्षेचा अर्ज पुढं जाणार नव्हता. अव्वानं आधीच सांगितलं होतं, वर्ष वाया गेलं तर पुढचं शिक्षण विसर, तुझ्या आत्यानं एक स्थळ आणलंय.

दाखला तहसीलचा असला तरी त्याचं मूळ तलाठ्याच्या अहवालात असतं. तलाठी जे उत्पन्न लिहील तेच सेतू केंद्रातून फिरून, तहसीलदारांच्या सहीनं परत येतं. आमच्या गावचा तलाठी तरुण, तोंडानं गोड, आणि त्याचा ठरलेला प्रश्न एकच, 'किती लावू?' आमच्या आधी एक बागायतदार बसले होते. त्यांचा मुलगाही आमच्याच कॉलेजात. बाहेर त्यांचा नवा ट्रॅक्टर उभा. त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता मजुराचं असतं तेवढं उत्पन्न सांगितलं, तलाठ्यानं हसत लिहिलं, आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दाखल्यासाठी सगळं गाव गरीब होतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, ती रीतच आहे.

मग अप्पांची पाळी. 'बोला सावकार, किती लावू?'

सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत, सात-आठ माणसं होती. अप्पांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. म्हणाले, 'दुकान हाय, वर तीन एकर हाय. आमी कमी कशाला सांगावं? धंदेवाल्याला जे शोभतं ते लावा.' आणि त्यांनी खरोखरच एक आकडा सांगितला. आजोबांच्या काळात, दिवाळीच्या तोंडावर दुकान जोरात असतानासुद्धा तेवढी कमाई झाली नसेल.

तलाठ्यानं मान वर केली. 'सावकार, नक्की? पोरीला सवलतीसाठी पायजे ना?'

'नियमात बसलं तर मिळंल. न्हाय तर न्हाय.'

तलाठ्यानं एकदा सगळ्यांकडं बघितलं. कुणी काही बोललं नाही. बागायतदार खिडकीतून ट्रॅक्टरकडं बघत होते. तलाठ्यानं आकडा लिहिला. साऱ्या जिल्ह्यात स्वतःचं उत्पन्न वाढवून सांगणारा हा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा बाप असावा! मला इतका संताप आला की घरी येईपर्यंत मी त्यांच्या चार पावलं मागून चालले. पण संतापाखाली दुसरंही काही होतं, ते मी आज कबूल करते. तिथं बसलेल्या माणसांसमोर सावकाराची पोर म्हणून उभं राहणं मलाही सोडवत नव्हतं.

दाखला आला. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी तो पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. 'हा कशाला जोडलाय? मर्यादेच्या कितीतरी वर आहे. वडील काय करतात?'

'दुकान आहे,' मी म्हणाले.

'मग कशाला आलीस बाई?' त्या म्हणाल्या, पण मार्क बघून अर्ज ठेवून घेतला. 'समितीपुढं काय ते सांगा.'

घरी मी अप्पांना म्हटलं, चुकीचा आकडा गेला म्हणून नवा दाखला काढू. ते म्हणाले, 'मंजी परवा खोटं बोललो असं चारचौघांत सांगू? साकु.' साकु म्हणजे कानडीत पुरे. आमच्या घरी भांडण याच शब्दावर संपतं. अव्वा ताटं वाढायला लागली.

समितीच्या दिवशी मी देवाला एकच मागितलं, अप्पांनी साधा शर्ट घालून यावं. ते कडक इस्त्रीच्या धोतरात आले, डोक्याला टोपी, कपाळाला भस्म, हातात घड्याळ. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाच-पाच पालकांना एकदम घेऊन भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसवत होते, आणि एकेकाला टेबलापाशी बोलवत. आमच्या पाचांत तो बागायतदारही होता. त्याच्या मुलाचे कागद अगदी चोख. दाखल्यावर मजुराचं उत्पन्न, प्राचार्यांनी मान हलवली, सवलत मंजूर. तो हात जोडून परत खुर्चीवर बसला, कारण पाचही जणांचं झाल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नव्हतं.

मग आम्ही. प्राचार्यांनी दाखला पाहिला, मग अप्पांना पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. 'तुम्ही चांगल्या घरातले दिसता. तुमच्यासारख्यांनीही अर्ज केला तर ज्यांना खरोखर गरज आहे त्या मुलांनी कुठं जायचं?'

मी अप्पांकडं पाहिलं. आता तरी बोलतील असं वाटलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, 'बरोबर हाय साहेब. पोरीचं चुकलं. लेकरू हाय, कळत न्हाय. अर्ज मागं घेतो.'

माझं चुकलं! भिंतीलगतच्या खुर्च्यांवरून सगळे माझ्याकडं बघत होते, एका बाईनं तर 'आजकालची पोरं' अशी मान हलवली. आत्यानं आणलेलं स्थळ डोळ्यापुढं आलं, आणि मी बोलून गेले. म्हणजे ओरडलेच असणार, कारण बाहेरचा शिपाई दार लोटून आत डोकावला.

'दुकान बंद आहे सर. कधीचं बंद आहे. अप्पा सोलापुरात दुसऱ्याच्या दुकानात साड्या दाखवतात. पगार मिळतो. हा आकडा त्यांनी लाजेनं सांगितला.'

अप्पा माझ्याकडं वळले नाहीत. ते टेबलाच्या कडेकडं बघत राहिले.

प्राचार्य माणूस चांगला होता. त्यांनी अप्पांना खुर्ची दिली. म्हणाले, तहसीलचा दाखला मला डावलता येत नाही. मालकाकडून पगाराचं पत्र आणा, ते तलाठ्याला देऊन दाखला नवा काढा. तोवर तात्पुरती मंजुरी देतो, परीक्षेचा अर्ज अडणार नाही. पण आज तुमचं लेखी लागेल, आणि तुम्हाला ओळखणारं कुणी साक्षीला असेल तर बरं.

'म्या हाय की,' मागून आवाज आला. बागायतदार उठून टेबलापाशी आले. 'आमच्याच गावचे हायती. पोरगी खरं बोलतीया साहेब. दोन वर्सं झाली असतील, म्या सोताच बघितलंय त्येंला सोलापुरात. मंडळीला लुगडं घ्यायला गेल्तो, हे गादीवर बसलेले. तसाच माघारी फिरलो, दुसऱ्या दुकानातनं घेतलं.'

अप्पांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. 'तुमाला म्हाईत हुतं?'

'व्हय की.'

'आन गावात?'

बागायतदार जरा घुटमळले. मग अगदी मायेनं म्हणाले, 'समद्यास्नी म्हाईत हाय, सावकार. तलाठ्यालाबी. पर मानाचा माणूस, कोन कशाला बोलंल?'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे त्या दिवशी सज्जात ती सात-आठ माणसं गप्प बसली होती ती फसली म्हणून नाही. तलाठ्यानं सगळ्यांकडं पाहिलं होतं ते विचारायला, की बोलायचं का? आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, नाही. अप्पा दोन वर्षं आपली मूठ झाकत होते, आणि ती झाकून धरायला सारं गाव हात लावत होतं. माझी फी त्या हातांपेक्षा मोठी ठरली. ज्या माणसाच्या खोट्या दाखल्यावर मी महिनाभर जळत होते, त्यानं खिशातला पेन काढून अप्पांच्या लेखीखाली साक्षीदार म्हणून सही केली. आम्ही गरीब आहोत, या मजकुराखाली.

अप्पांनी त्यांचे आभार मानले. प्राचार्यांचे मानले. बाहेर ऑफिसातल्या बाईंनी 'झालं ना काम?' विचारलं, तेव्हा हसून 'झालं की' म्हणाले. मग मला मागं टाकून बसस्थानकाकडं चालू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बसस्थानकात मी त्यांच्याबरोबर थांबले. मला माफी मागायची होती, पण खरं बोलल्याची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं, आजही येत नाही. नळदुर्गची गाडी लागली. खिडकीत आमच्या गावचे दोघं बसलेले दिसले. त्यातल्या एकानं अप्पांना पाहून रोजच्यासारखी हाक मारली, 'या सावकार, जागा हाय.' शेजारच्या जागेवर त्यानं रुमालही टाकला.

अप्पांनी हात वर केला. 'व्हा पुढं,' म्हणाले, 'माझं काम ऱ्हायलंय.'

काम काही राहिलं नव्हतं. गाडी गेली. पुढच्या गाडीत ओळखीचं कुणीच नव्हतं, तरी ते चढले नाहीत. मी म्हटलं, 'अप्पा, ही शेवटची असेल.' ते म्हणाले, 'तू जा खोलीवर. अभ्यास कर.'